दहावी मराठीत, अकरावी विज्ञान इंग्रजीत : विषयाच्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात शिकला, विज्ञानात गुणही चांगले आहेत. आता अकरावी सायन्सला जाणार. एका क्लासने हजार इंग्रजी शब्दांची यादी दिली आहे आणि रोज पन्नास पाठ करायला सांगितले आहेत. तो करतोय, पण चार दिवसांपूर्वीचे विचारले तर आठवत नाहीत. चालू ठेवावे का? (पालक, संगमनेर)

ती यादी बाजूला ठेवा. तुमच्या मुलाची स्मरणशक्ती कमी नाही. अशी यादी अक्षरानुक्रमे लावलेली असते, त्यामुळे एकाखाली एक येणाऱ्या शब्दांचा आपसात काही संबंध नसतो. ‘ॲक्सिलरेशन’च्या खाली ‘ॲसिड’ आणि त्याच्या खाली ‘ॲडॅप्टेशन’ असेल, तर मनाला धरून ठेवायला धागा मिळत नाही.

त्याच्याजवळ एक मोठी जमेची बाजू आहे. त्वरण म्हणजे काय, आम्लारी म्हणजे काय, अपवर्तन का होते हे त्याला समजलेले आहे. इंग्रजी शब्द या समजलेल्या गोष्टीवर बसवायचा आहे. त्यासाठी सर्वांत चांगले साधन फुकट मिळते. बालभारतीचे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहे. दोन्हींत धड्यांचा क्रम तोच, आकृत्या त्याच, बहुतेक परिच्छेदही तेच. इंग्रजी पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडून एकेक परिच्छेद वाचायला सांगा. आधी मराठी, मग तोच इंग्रजीत. आशय ओळखीचा असल्याने अनोळखी शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच लागेल, आणि असा स्वतः लावलेला अर्थ टिकतो.

दिवसाला आठ ते दहा शब्द पुरेत. मात्र ते वहीत लिहिण्याची पद्धत वेगळी ठेवा. पहिल्या रकान्यात मराठी पाठ्यपुस्तकातला शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, तिसऱ्यात चिन्ह, एकक किंवा छोटी आकृती, आणि चौथ्यात तो शब्द वापरलेले इंग्रजी पुस्तकातले एक पूर्ण वाक्य. चौथा रकाना मुले टाळतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. परीक्षेत सुटा शब्द लिहायचा नसतो, त्याचे वाक्य लिहायचे असते. हे शब्द त्याच दिवशी झोपण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारा. विचारताना इंग्रजी रकाना झाकून ठेवा. नुसते वाचून काढले की येते असे वाटते, प्रत्यक्षात येत नसते.

मराठी प्रतिशब्द पाठ्यपुस्तकातलाच घ्या. पुस्तकात ‘स्कॅटरिंग’ला विकिरण आणि ‘रेडिएशन’ला प्रारण म्हटले आहे. बातम्यांत मात्र रेडिएशनसाठी किरणोत्सर्ग येतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शिक्षकांना फार उपयोगी आहेत, पण मुलाने तीन ठिकाणचे तीन शब्द गोळा केले तर त्याचा गोंधळच वाढेल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीची परीक्षा संपल्यावर विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या वीस-पंचवीस मुलांसाठी सहा आठवड्यांचा सेतू वर्ग घ्यायचा आहे, रोज दीड तास. आखणी कशी करू? इंग्रजीच्या बाईंनी घ्यावा की मी? (शिक्षक, बीड जिल्हा)

तुम्हीच घ्या. इंग्रजीच्या बाईंची मदत वाक्यरचनेसाठी आठवड्यातून एकदा घ्या. मुलांनी ‘संवेग’ कुठे आणि कसा शिकला, त्यात ती कुठे अडखळली होती, हे तुम्हाला माहीत आहे. दहावीपर्यंतचे त्यांचे इंग्रजी तृतीय भाषेचे आहे. त्यात गोष्टी, कविता, पत्रलेखन आले, पण ‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल’ कधी आले नाही.

आखणीचा एकच नियम पाळा. पहिल्या पाच आठवड्यांत नवा आशय अजिबात शिकवू नका. नवा आशय आणि नवी भाषा एकाच वेळी आली, तर मूल कशात अडले हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. अनेक सेतू वर्ग इथेच फसतात. पालकांना बरे वाटावे म्हणून अकरावीचा पहिला धडा सुरू होतो, आणि सहा आठवड्यांनी मुलांना ना धडा येतो ना शब्द.

पहिला आठवडा मोजमाप, एकके, इंग्रजीत संख्या वाचणे आणि नववीतला ‘गतीचे नियम’. दुसरा आठवडा गुरुत्वाकर्षण, उष्णता आणि प्रकाश. तिसऱ्यात नववीतले ‘द्रव्याचे मोजमाप’ आणि ‘आम्ल, आम्लारी व क्षार’. चौथ्यात दहावीची आवर्तसारणी, रासायनिक अभिक्रिया आणि कार्बनी संयुगे. पाचवा आठवडा जीवशास्त्राला. सहाव्या आठवड्यात मात्र अकरावीची पुस्तके उघडायची आणि ज्या धड्यांची पूर्वतयारी झाली आहे त्यांची पहिली दोन-तीन पाने वाचायची.

‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा घेऊन एक दिवस कसा चालेल ते सविस्तर सांगतो. दहावीत हा भाग 1 मधला पहिलाच धडा आहे आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात त्याच नावाचा धडा पुन्हा येतो, म्हणून इथे घातलेला वेळ दुप्पट फळतो.

पहिली वीस मिनिटे आदल्या दिवसाची उजळणी, तीही तोंडी. मग फळ्यावर आजचे आठ शब्द : फोर्स, मास, वेट, डिस्टन्स, प्रॉडक्ट, स्क्वेअर, डिरेक्टली प्रपोर्शनल, इन्व्हर्सली प्रपोर्शनल. यातले मास आणि वेट मुले सहज घेतात, कारण वस्तुमान आणि वजन यांतला फरक त्यांनी आधीच शिकलेला असतो. अडचण शेवटच्या चार शब्दांत आहे, आणि यादी करताना नेमके तेच सुटतात, कारण ते ‘विज्ञानाचे’ वाटत नाहीत.

आता न्यूटनचा नियम मराठी पुस्तकातून एका मुलाने मोठ्याने वाचायचा. बल हे दोन वस्तूंच्या वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती आणि त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असते. मग इंग्रजीतला नियम : ‘डिरेक्टली प्रपोर्शनल टू द प्रॉडक्ट ऑफ द मासेस’ आणि ‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू द स्क्वेअर ऑफ द डिस्टन्स बिट्वीन देम’. इथे थांबा आणि मुलांना दाखवा की क्रम उलटा झाला आहे. मराठीत आपण ‘त्यांच्यामधील’, मग ‘अंतराच्या’, मग ‘वर्गाशी’, आणि सगळ्यात शेवटी ‘व्यस्तानुपाती’ म्हणतो. इंग्रजीत हीच साखळी शेवटाकडून सुरू होते. मराठी माध्यमातले मूल इंग्रजी वाक्य डावीकडून एकेका शब्दाचा मराठी अर्थ लावत वाचते आणि ‘व्यस्तानुपाती… वर्ग… अंतर… मध्ये’ असा गुंता हाती येतो. ‘ऑफ’ दिसला की आधी त्याच्या पुढचा भाग वाचायचा आणि मग मागचा, एवढी एक सवय लावली तर पाठ्यपुस्तकातल्या निम्म्या व्याख्या सरळ होतात असे मी म्हणेन. ‘द रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी’ हे तिला घासून पाहा : वेगाच्या, बदलाचा, दर. दोन ‘ऑफ’ आहेत, दोन्ही मागून उलगडले की त्वरणाची व्याख्या समोर येते.

यानंतर सूत्र. F = G m₁m₂/r² हे दोन्ही माध्यमांत एकच आहे. मुलांना सूत्रावर बोट ठेवून वाक्य म्हणायला लावा. m₁m₂ वर बोट आले की ‘प्रॉडक्ट ऑफ द मासेस’, r² वर आले की ‘स्क्वेअर ऑफ द डिस्टन्स’. असे सात-आठ मुलांनी केले की बाकीच्यांनाही जमू लागते. मग G ची किंमत तोंडी सांगा आणि मुलांना लिहून घ्यायला लावा : ‘सिक्स पॉइंट सिक्स सेव्हन इंटू टेन रेझ्ड टू मायनस इलेव्हन’. वहीत 6.67 × 10⁻¹¹ किती जणांनी बरोबर लिहिले ते पाहा. सत्याऐंशी, एकोणऐंशी अशी संख्या ऐकायची सवय असलेल्या मुलाला ‘सेव्हन्टी नाइन’चे 79 करायला एक क्षण जास्त लागतो, आणि अकरावीच्या तासाला तेवढ्यात प्राध्यापक पुढच्या ओळीवर गेलेले असतात. पहिले दोन आठवडे रोज पाच मिनिटे नुसते आकड्यांचे श्रुतलेखन घ्या.

शेवटची पंधरा मिनिटे लिखाण. एक व्याख्या, एक फरक, एक कारण, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत आणि पुस्तक मिटून. व्याकरणाच्या चुका या वेळी लाल शाईने भरू नका. फक्त विषयाचा शब्द चुकला असेल किंवा ‘डिरेक्टली’च्या जागी ‘इन्व्हर्सली’ पडले असेल, तेवढेच दुरुस्त करा.

जीवशास्त्राच्या आठवड्यात शब्द फोडून दाखवा. प्रकाशसंश्लेषण हा शब्द मुलांना पाठ आहे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण, म्हणजे इंग्रजी शब्दही त्याच दोन तुकड्यांचा बनला आहे. ‘लिसिस’ म्हणजे विघटन हे एकदा कळले की ‘हायड्रोलिसिस’, ‘इलेक्ट्रोलिसिस’ आणि ‘ग्लायकोलिसिस’ एका ओळीत बसतात. मराठी माध्यमातल्या मुलांना इथे खरा फायदा आहे. शब्दाचे घटक ओळखून अर्थ लावायची सवय आपल्या परिभाषेने त्यांना लावलेली असते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी एक चाचणी मात्र नक्की घ्या. दहावीच्याच अभ्यासातले दहा प्रश्न इंग्रजीत द्या. चार-पाच दिवसांनी तेच दहा प्रश्न क्रम बदलून मराठीत द्या. ज्याला मराठीत नऊ आणि इंग्रजीत चार येतात त्याला शब्दांची गरज आहे, आणि तो सहा आठवड्यांत बराच पुढे जाईल. ज्याला दोन्हीकडे चारच येतात त्याची अडचण संकल्पनेची आहे. त्याला इंग्रजी शब्द देत राहणे त्याच्यावर अन्याय ठरेल, त्याला आधी मराठीतूनच धडा पुन्हा शिकवावा लागेल. 2021 साली राज्यात झालेला सेतू अभ्यास अशा मागे राहिलेल्या क्षमतांसाठी होता. माध्यम बदलाचा सेतू वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. कॉलेज सुरू होऊन महिना झाला. दहावीला मला 91 टक्के होते. आता सर बोलतात ते अर्धे कळत नाही, आणि गणितं माहीत असलेली असूनही सुटत नाहीत. आर्ट्सला बदली करून घेऊ का? (विद्यार्थिनी, नांदेड)

या एका कारणासाठी शाखा बदलू नकोस. तू लिहिलेस की माहीत असलेली गणितेसुद्धा सुटत नाहीत. याचा अर्थ सूत्र तुला येते, पण प्रश्नात दिलेली माहिती हातातून निसटते. हे दुरुस्त होण्यासारखे आहे.

एक उदाहरण बघ. 20 मीटर उंचीवरून एक वस्तू ‘ड्रॉप्ड फ्रॉम रेस्ट’, जमिनीवर पोहोचायला किती वेळ लागेल? g = 10 m/s² घे. प्रश्नात आकडे दोनच दिसतात, 20 आणि 10. तिसरा आकडा ‘फ्रॉम रेस्ट’ या शब्दांत आहे. वस्तू विराम अवस्थेतून निघाली, म्हणजे u = 0. हे कळले की s = ut + ½gt² मध्ये 20 = 5t², म्हणून t = 2 सेकंद. ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती एवढाच अर्थ डोक्यात असेल तर u ची जागा रिकामी राहते आणि गणित तिथेच थांबते.

अशा शब्दांचे एक वेगळे पान कर. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे u = 0. ‘कम्स टू रेस्ट’ म्हणजे v = 0. ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ म्हणजे a = 0. ‘निग्लिजिबल’ म्हणजे ती राशी सोडून द्यायची. ‘रिस्पेक्टिव्हली’ आले की दोन याद्या त्याच क्रमाने जुळवायच्या, पहिला पहिल्याशी आणि दुसरा दुसऱ्याशी. ‘विथ रिस्पेक्ट टू’ म्हणजे ‘च्या सापेक्ष’. दर वेळी गणित अडले की ते कोणत्या शब्दाने अडवले ते शोधून याच पानावर लिहीत जा. एका सत्रात हे पान भरेल, आणि ते तुझ्यासाठी कोणत्याही गाइडपेक्षा उपयोगी असेल.

तासाला कळावे म्हणून आदल्या रात्री वीस मिनिटे दे. उद्याचा धडा आधीच्या इयत्तेत कुठे होता ते शोध. उद्या ‘थर्मल प्रॉपर्टीज ऑफ मॅटर’ असेल तर दहावीचा ‘उष्णता’ हा धडा इंग्रजी पुस्तकातून वाच. अप्रकट उष्मा म्हणजे ‘लेटंट हीट’, विशिष्ट उष्माधारकता म्हणजे ‘स्पेसिफिक हीट कपॅसिटी’, एवढे ओळखीचे झाले की सरांच्या बोलण्यात ते शब्द कानाला लगेच लागतात आणि मधल्या वाक्यांचा अंदाज बांधता येतो. शब्द मोठ्याने म्हणून बघ. ज्याचा उच्चार कधी ऐकला नाही तो शब्द वहीत ओळखता येतो, पण तासाला ऐकू येऊनही ओळखता येत नाही.

टिपणे मराठी-इंग्रजी मिश्र घेतलीस तरी चालेल. समजण्यासाठी मराठी वापरण्यात कमीपणा काही नाही, शेजारच्या बाकावरचे काहीही म्हणोत. घरी आल्यावर मात्र त्यातली तीन वाक्ये पूर्ण इंग्रजीत लिही. त्यासाठी चार साचे पुरतात : ‘इज डिफाइन्ड ॲज’, ‘इज द रेशो ऑफ … टू …’, ‘इज डिरेक्टली प्रपोर्शनल टू’ आणि ‘द एसआय युनिट ऑफ … इज …’. घनता म्हणजे वस्तुमान आणि आकारमान यांचे गुणोत्तर, हे तुला येते. ते दुसऱ्या साच्यात घातलेस की ‘डेन्सिटी इज द रेशो ऑफ मास टू व्हॉल्यूम’ हे बिनचूक उत्तर तयार होते. इथे ‘मास’ आधी आणि ‘टू’च्या पुढे ‘व्हॉल्यूम’, हा क्रम सांभाळ. तो उलटला की व्याख्या चुकते.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात ऐंशी मुले, त्यांतली निम्मी मराठी माध्यमाची. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. शब्द शिकवायला वेगळा वेळ कुठून आणू? (प्राध्यापिका, कोल्हापूर)

वेगळा वेळ नको, फळ्याचा डावा कोपरा पुरेल. तास सुरू होताना त्या दिवसाचे पाच शब्द तिथे लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. शब्द पहिल्यांदा बोलण्यात आला की बोट दाखवून एकदाच मराठी शब्द सांगा : ‘कॅटॅलिस्ट, उत्प्रेरक’, ‘प्रेसिपिटेट, अवक्षेप’, ‘रिडक्शन, क्षपण’. दोन सेकंदांचे काम आहे. ज्यांनी दहावीत हे शिकले आहे त्यांना सगळी संकल्पना त्या एका मराठी शब्दाने परत मिळते.

पाच शब्द निवडताना अनेक अर्थांचे शब्द आधी घ्या. ‘सोल्यूशन’ तुमच्या तासाला द्रावण असते आणि गणिताच्या तासाला समीकरणाची उकल. ‘प्रॉडक्ट’ तुमच्याकडे अभिक्रियेतले उत्पादित, तिकडे गुणाकार. ‘बेस’ तुमच्याकडे आम्लारी आणि भूमितीत पाया. ‘सेल’ जीवशास्त्रात पेशी आणि विद्युतरसायनात विद्युत घट. मराठीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, म्हणून मुलांना गोंधळाची सवयच नसते. एकाच दिवशी तीन तासांना ‘बेस’ तीन अर्थांनी ऐकलेले मूल विचारायला लाजते आणि गप्प बसते.

प्रयोगशाळेत तर शब्द हाताने शिकता येतात. चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी, नरसाळे, तिवई हे मुलांनी हाताळलेले असते. प्रत्येक वस्तूला इंग्रजी नावाची चिठ्ठी महिनाभर लावून ठेवा, आणि मदतनीसाकडून वस्तू मागताना इंग्रजी नावानेच मागायची असा रिवाज पाडा. अडते ते सूचनांच्या क्रियापदांपाशी. ‘ॲड ड्रॉपवाइज’, ‘वॉर्म जेंटली’, ‘शेक वेल’, ‘डिकँट’ ही पहिल्या प्रात्यक्षिकाला करून दाखवा. ‘फिल्टरेट’ आणि ‘रेसिड्यू’ यांची अदलाबदल तर हमखास होते. गाळून खाली आलेले द्रव एका हातात, गाळणकागदावर उरलेला अवशेष दुसऱ्या हातात धरून नावे घेतली की पुन्हा सांगावे लागत नाही. ‘वॉर्म जेंटली’ न कळलेला विद्यार्थी परीक्षानळी थेट मोठ्या ज्योतीवर धरतो. त्यामुळे या शब्दांशी गुणांइतकाच सुरक्षिततेचाही संबंध आहे.

प्रश्न : नीट मराठीतून देता येते ना? मग एवढा इंग्रजीचा खटाटोप कशासाठी? (पालक, जळगाव)

नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते हे खरे. एमएचटी-सीईटीतही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच असते. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून खात्री करा. हा पर्याय असणे चांगलेच आहे.

पण मधली दोन वर्षे विचारात घ्या. कॉलेजातले शिकवणे, अकरावी-बारावीची पुस्तके, सराव प्रश्नसंच, सगळे इंग्रजीत. दोन वर्षे इंग्रजीत सराव करून शेवटच्या तीन तासांत मराठीवर आलेल्या मुलाला अकरावी-बारावीत नव्याने आलेल्या संकल्पनांचे मराठी शब्दच माहीत नसतात, कारण ते त्याला कोणी शिकवलेले नसतात. शिवाय नीटमध्ये भाषांतराबाबत शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो. म्हणून मुलाने मराठी पर्याय घेतला तरी दोन्ही भाषांतले शब्द त्याच्याजवळ हवेत. निर्णय अकरावीच्या सुरुवातीलाच घ्या आणि सराव परीक्षा त्याच भाषेत द्यायला लावा.

प्रश्न : मुलीने सुट्टीत सेतू वर्ग पूर्ण केला. शब्द विचारले तर सगळे येतात. तरी पहिल्या चाचणीत 25 पैकी 9. काय चुकले? (पालक, सातारा)

तपासलेली उत्तरपत्रिका मागून घ्या आणि तिच्याशेजारी बसून गेलेला प्रत्येक गुण कुठे गेला ते लिहा.

बहुधा पहिली जागा प्रश्नाच्या क्रियापदात सापडेल. ‘स्टेट’ म्हटले की नियम फक्त सांगायचा, ‘डिराइव्ह’ म्हटले की सूत्र पायरीपायरीने सिद्ध करायचे, ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’ म्हणजे फरक स्पष्ट करा, ‘गिव्ह रीझन्स’ म्हणजे आपले नेहमीचे ‘शास्त्रीय कारणे लिहा’. सेतू वर्गांत विषयाचे शब्द घेतात आणि हे दहा-बारा आज्ञार्थी शब्द राहून जातात. ‘डिराइव्ह’ला नुसते सूत्र लिहून आली असेल तर ज्ञान असूनही गुण गेले. याला उपाय एका आठवड्याचा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या आणि उत्तर न लिहिता प्रत्येक प्रश्न नेमके काय मागतो ते तिने मराठीत सांगायचे.

दुसरी जागा शब्दकुळांची. तिला ‘रिॲक्शन’ येते, पण प्रश्नात ‘रिॲक्टंट’, ‘रिॲक्टिव्ह’ किंवा ‘रिॲक्टिव्हिटी’ आले की ती अडते. वहीतल्या प्रत्येक शब्दाखाली त्याचे कुळ लिहायला सांगा. शेवटी ‘-इटी’ असलेल्या अनेक शब्दांना मराठीत ‘-ता’ येतो. ‘डेन्सिटी’ घनता, ‘कंडक्टिव्हिटी’ वाहकता. ‘रेझिस्टन्स’ रोध आणि ‘रेझिस्टिव्हिटी’ रोधकता हा फरक याच खुणेने लक्षात राहतो.

तिसरी शक्यता वेळेची. उत्तरे बरोबर असतील पण शेवटचे दोन प्रश्न कोरे असतील, तर ती मनात मराठीत उत्तर तयार करून मग भाषांतर करते आहे. पहिल्या सत्रात हे होणारच. सहा आठवड्यांच्या वर्गाने शब्द येतात, लिहिण्याचा वेग येत नाही, तो रोजच्या लिखाणाने चार-सहा महिन्यांत येतो. तोवर लांब वाक्ये लिहूच नये. आकृती आणि समीकरण आधी, मग छोटी छोटी वाक्ये. घड्याळ लावून रोज एक तीन गुणांचा प्रश्न लिहू द्या आणि महिन्याने पहिल्या आणि शेवटच्या उत्तराला लागलेली मिनिटे तिला शेजारी शेजारी दाखवा.

या तिन्हींत कुठेच गुण गेले नसतील आणि उत्तरांत संकल्पनाच चुकल्या असतील, तर तोच प्रश्न तिला मराठीत समजावून सांगायला लावा. तिथेही अडली तर शब्दांची वही काही दिवस मिटून ठेवा आणि दहावीचे मराठी पुस्तक परत काढा.